सुपारी फुटण्याआधीची बैठक: लग्नाचा खर्च आणि कामं दोन्ही घरांत कशी वाटावीत

पसंती झाली की घरातली मोठी माणसं म्हणतात, "चला, आता सुपारी फोडून घेऊ." नाशिक जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांत खर्चाचा विषय पहिल्यांदा निघतो तो याच दिवशी. बैठकीच्या खोलीत वीस-पंचवीस माणसं असतात: दोन्हीकडचे मामा, चुलते, आत्याचे यजमान, गावातले दोन मानाचे लोक, आणि मधे वही घेऊन याद्या लिहायला बसलेला एक जण. एवढ्या लोकांसमोर मुलीच्या वडिलांच्या तोंडून "मला एवढं झेपणार नाही" हे वाक्य निघत नाही. मुलाचे वडील "निम्मा खर्च आमचा" म्हणाले, तर त्यांचाच भाऊ मधे पडतो, "आपल्याकडे अशी रीत नाही." मग आकडे मानापोटी ठरतात आणि पुढची चार वर्षं फेडावे लागतात.

अशा अनेक बैठकांना मी मध्यस्थ म्हणून बसले आहे. माझं पहिलं सांगणं हेच की याद्यांच्या बैठकीत काहीही पहिल्यांदा ठरू नये. तिथे फक्त आधी ठरलेलं वाचून दाखवावं. खरं बोलणं त्याच्या दोन-तीन आठवडे आधी, कार्यालयाला एक रुपयाही देण्यापूर्वी, मोजक्या माणसांत व्हायला हवं. ते कसं करायचं, ते क्रमाने सांगते.

आधी आपापल्या घरात

समोरच्यांशी बोलण्याआधी प्रत्येक घराने स्वतःशी खरं बोलायचं असतं. एका कागदावर तीन गोष्टी लिहा. हातात आज किती पैसा आहे, येणारा पैसा किती आणि कोणत्या महिन्यात येणार, आणि कशाला हात लावायचा नाही. ही तिसरी ओळ सगळ्यांत महत्त्वाची. "आईचं सोनं मोडायचं नाही", "सोसायटीचं पीककर्ज लग्नाकडे वळवायचं नाही", "धाकट्याच्या शिक्षणाची ठेव मोडायची नाही" असं जे असेल ते लिहून ठेवा. मग जो आकडा उरतो ती तुमची मर्यादा. त्यातला दहावा हिस्सा बाजूला काढा आणि उरलेलाच बैठकीत सांगा, कारण लग्नात शेवटच्या आठवड्यात खर्च वाढतोच.

येणाऱ्या पैशाचा महिना का लिहायचा, हे आपल्या भागात नीट समजून घ्यायला हवं. निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या द्राक्षबागायतदाराचा पैसा साधारण जानेवारी ते एप्रिलमध्ये मोकळा होतो, उन्हाळ कांद्याचा त्याच्याही पुढे. शहरात नोकरी करणाऱ्याकडे दर महिन्याला पगार येतो, पण एकदम मोठी रक्कम नसते. लग्न एप्रिल-मेमधलं असेल तर लॉन्सची बुकिंगची रक्कम मात्र दिवाळीच्या आसपासच भरावी लागते. तेव्हा बागेत छाटणी आणि फवारणीवर पैसा ओतून झालेला असतो. "तुमचा निम्मा हिस्सा पाठवा" असा फोन नोव्हेंबरमध्ये गेला की मुलीच्या घरी उसनवारी सुरू होते. म्हणून किती द्यायचं एवढंच ठरवून भागत नाही, केव्हा द्यायचं तेही ठरवायला लागतं.

मुलाने आणि मुलीने आपापल्या घरचा हा कागद एकमेकांना आधी सांगावा. लग्न त्यांचं आहे. दोघांची एकवाक्यता असेल तर बैठक निम्मी सोपी होते. "बाबांना विचारून सांगतो" असं प्रत्येक गोष्टीला उत्तर येत असेल तर तेही मुलीला वेळेत कळलेलं बरं.

बैठकीला कोण, आणि सुरुवात कशी

दोन्हीकडून तीन-तीन माणसं पुरेत: आई, वडील आणि मुलगा किंवा मुलगी. आईला स्वयंपाकघरात ठेवू नका. मानपान, साड्या, केळवणं, हळदीच्या बायका हा सगळा व्यवहार तिच्याच डोक्यात असतो आणि तिच्याशिवाय केलेली यादी पंधरा दिवसांत मोडते. एखादा मध्यस्थ असेल तर तो दोन्ही घरांना "नाही" म्हणू शकणारा असावा. ज्याने स्थळ आणलं त्यालाच बसवायचं असं काही नाही. त्याला लग्न जमण्याची घाई असते.

विषय काढायची जबाबदारी मुलाकडच्यांनी घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे मुलीच्या बापाने पैशाचं बोलणं म्हणजे कमीपणा मानतात आणि ती अढी एका घराने मोडली की दुसऱ्याचा जीव भांड्यात पडतो. मुलाचे वडील सरळ असं म्हणू शकतात: "पाहुणे, लग्न दोन्ही घरांचं आहे, खर्चही दोघांनी करू. आमची तयारी एवढी आहे. तुमचं सांगा, त्यात बसेल तसं लग्न करू." आपला आकडा आधी सांगायचा, मग समोरच्याचा विचारायचा. मुलीकडच्यांना सुरुवात करावी लागली तर: "दादा, मला मुलीचं लग्न कर्ज न काढता करायचंय. माझ्याकडे एवढे आहेत आणि ते एप्रिलनंतर हातात येतील. आत्ताच सांगतो, म्हणजे पुढे तुम्हाला अडचण नको."

समोरून कोणती उत्तरं येतात, इकडे नीट कान द्या. "आमची काहीच अपेक्षा नाही, पण लग्न चांगलं करून द्या" या वाक्यात अपेक्षा आहे, फक्त आकडा नाही. "तुमच्या मुलीला तुम्ही जे द्याल ते द्या", "आमच्याकडे मोठ्या सुनेच्या वेळी असं झालं होतं" ही त्याच जातीची वाक्यं. यावर गप्प बसू नका आणि रागावूही नका. विचारा, "चांगलं म्हणजे काय काय, ते आत्ता सांगा ना, म्हणजे लिहून घेता येईल." ज्याच्या मनात खरंच काही नसतं तो हसून "काही नाही हो" म्हणतो आणि तसं लिहूही देतो. ज्याच्या मनात असतं तो लिहायला तयार होत नाही.

इथे एक रेघ पक्की आहे. रोख रक्कम, गाडी, फ्लॅटचा हप्ता, मुलाच्या शिक्षणाचा खर्च, ठरावीक तोळे सोनं, हे मागितलं गेलं तर ती खर्चाची वाटणी नव्हे, हुंडा आहे. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने देणं, घेणं आणि मागणं तिन्ही गुन्हा आहे. न मागता, ऐपतीप्रमाणे दिलेल्या भेटींना त्यात मुभा आहे, पण १९८५ च्या नियमांप्रमाणे त्यांची लेखी यादी करायची असते: वस्तू काय, अंदाजे किंमत किती, कोणी दिली, देणाऱ्याचं नातं काय, आणि खाली नवरा-नवरी दोघांच्या सह्या. मुलीला मिळालेल्या वस्तूंची यादी मुलीजवळ राहते. याद्यांची वही लिहायची आपली सवय आहेच, तिच्यात हे एक पान वाढवायचं.

आधी माणसं, मग पैसा

बहुतेक घरं लॉन्स बघण्यापासून सुरुवात करतात. गंगापूर रोडचं एखादं किंवा छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचं एखादं आवडतं, टोकन दिलं जातं आणि मग तेवढी जागा भरायला माणसं बोलावली जातात. क्रम उलटा ठेवा. बैठकीत पहिला प्रश्न असावा: तुमची माणसं किती, आमची किती?

हा आकडा शहर आणि गाव वेगवेगळ्या पद्धतीने मोजतात, आणि घोळ इथेच होतो. शहरात पत्रिका मोजून दुपटी-अडीचपट धरतात. गावात आवतण कसं दिलं त्यावर सगळं अवलंबून असतं. "घरटी एक" म्हटलं तर एका घरातून एक माणूस येतो, फार तर दोन. "चूलबंद" आवतण दिलं की त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही. म्हातारीपासून पोरांपर्यंत सगळे जेवायला येतात. भावकीतल्या चाळीस घरांना चूलबंद की घरटी एक, या एका निर्णयाने दीडशे ताटांचा फरक पडतो. म्हणून "आमची साधारण चारशे होतील" हे उत्तर घेऊ नका. यादी तीन भागांत मागा: जवळचे सोयरे, भावकी, आणि गाव किंवा कंपनी-कॉलनी. प्रत्येक भागापुढे आवतणाची पद्धत लिहा.

खर्चाचे तीन ढीग

रूढीप्रमाणे वाटायला गेलं तर जेवण, कार्यालय, सजावट सगळं मुलीकडे येतं. सगळ्याची बेरीज करून निम्मं निम्मं केलं तर ज्याची माणसं कमी तो दुसऱ्याच्या पाहुण्यांचं जेवण भरतो. दोन्हींत कुरकुर राहते. मला टिकलेली दिसली ती तीन ढिगांची वाटणी.

पहिला ढीग आपापला. आपल्या घरची हळद, आपल्या माणसांचे कपडे, गाड्या, आपल्या पत्रिका. मुलाकडे वरात, बँड, घोडी आणि मंगळसूत्र. नवरीचा शालू सासरचा आणि नवरदेवाचा पोशाख मुलीकडचा ही देवाणघेवाण दोघांना हवी असेल तर ठेवा, पण दोन्हींची रक्कम सारखी ठरवून.

दुसरा ढीग माणशी. लग्नाचं जेवण, सकाळचा नाश्ता, मुक्कामाच्या खोल्या. ज्याची जेवढी माणसं, तेवढी त्याची ताटं.

तिसरा ढीग निम्मा निम्मा. लॉन्सचं भाडं, स्टेजची सजावट, भटजी आणि पूजेचं साहित्य, साउंड, फोटो-व्हिडिओ.

आणि तिन्हींवर एकच नियम: ठरल्यानंतर जो वाढवेल, वाढीव त्याने भरायचं.

एक हिशेब मांडून बघू

आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमच्या लॉन्सचे आणि केटररचे दर घालून हेच करा. मुलगी निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराची, मुलगा अंबडच्या कंपनीत, घर इंदिरानगरला. लग्न एप्रिलअखेर. मुलीच्या वडिलांनी सांगितलेली तयारी ५ लाख.

मुलाकडची माणसं २८०. मुलीकडे सोयरे १५०, भावकीची ४० घरं चूलबंद म्हणजे सुमारे २००, आणि गावातली १२० घरं घरटी एक, मिळून ४७०. ताट ४०० रुपयांचं. म्हणजे जेवणाचे मुलीकडे १,८८,००० आणि मुलाकडे १,१२,०००.

निम्म्याच्या ढिगात लॉन्स १,८०,०००, सजावट १,२०,०००, फोटो-व्हिडिओ १,००,०००, साउंड २५,००० आणि भटजी-पूजा १५,०००. एकूण ४,४०,०००, म्हणजे प्रत्येकी २,२०,०००.

मुलीकडचा आपापला खर्च (घरची हळद, कपडे, जीपगाड्या, पत्रिका) १,२०,०००. सगळं धरून मुलीकडे ५,२८,०००. म्हणजे सांगितलेल्या तयारीच्या वर २८,०००, आणि अजून एकही अनपेक्षित खर्च झालेला नाही.

पूर्वीच्या पद्धतीत इथे वडील गप्प बसतात आणि उसने काढतात. या बैठकीत कागद सगळ्यांसमोर आहे, त्यामुळे बदल सुचवता येतात. गावातल्या १२० घरांना लग्नाऐवजी हळदीच्या रात्री दारात जेवायला बोलावायचं. गावचा आचारी आणि घरचा किराणा धरून माणशी १३० रुपये पडतात, म्हणजे १५,६००. लॉन्सवरची तेवढी ताटं ४८,००० ची झाली असती. गावाचा मान राहिला, उलट हळदीला गाव जास्त मोकळेपणाने जेवतं. दुसरं, स्टेजची सजावट ८०,००० वर आणायची. आता निम्म्याचा ढीग ४,००,०००, वाटा २,००,०००. मुलीकडे लॉन्सवर ३५० ताटं म्हणजे १,४०,०००. बेरीज करा: २,००,००० अधिक १,४०,००० अधिक १,२०,००० अधिक १५,६००, एकूण ४,७५,६००. हाताशी २४,४०० शिल्लक राहतात, आणि घरी बाजूला काढलेला दहावा हिस्सा अजून शाबूत आहे.

मुलाच्या बहिणीला मोठीच सजावट हवी असेल तर वरचे ४०,००० मुलाकडचे. हे त्याच दिवशी सांगितलं की कोणाला लागत नाही; लग्नाच्या आदल्या दिवशी सांगितलं की भांडण होतं.

आता वेळ. नोव्हेंबरमध्ये लॉन्सवाल्याला ५०,००० द्यायचेत. मुलाकडच्यांनी ते पूर्ण भरायचे आणि वहीत "मुलीकडून येणे २५,०००, एप्रिल पहिला आठवडा" असं लिहायचं. केटररची मोठी रक्कम लग्नाच्या आठवड्यात जाते, तोवर बागेचा पैसा आलेला असतो. आणखी एक गोष्ट: एका समारंभापोटी एकाच व्यक्तीकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेता येत नाही. दंड घेणाऱ्याला होतो, म्हणून लॉन्सवाले-केटरर स्वतःच बँकेतून मागतात. पैसे कोणत्या खात्यातून जाणार आणि सांगितलेला दर जीएसटी धरून की वगळून, हे पावती करतानाच विचारा. "वगळून" निघालं तर वरचा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

कामांची वाटणी

पैशाची वाटणी झाली तरी कामं बहुधा मुलीच्या घरावर राहतात. मुलाकडचे "वरपक्ष" म्हणून येतात, बसतात, आणि चहा उशिरा आला म्हणून रुसतात. खर्च दोघांचा असेल तर यजमानही दोघं. लॉन्सच्या दारात दोन्हीकडची माणसं उभी राहावीत, आणि जेवणाच्या बाजूला दोन्हीकडचा एक-एक जण पूर्ण वेळ असावा.

यातलं सगळ्यांत नाजूक काम ताटं मोजण्याचं. केटररला आपण कमीत कमी ताटांची हमी देतो. त्याहून कमी जेवले तरी तेवढे पैसे द्यावेच लागतात. जास्त जेवले तर वरची ताटं मोजून पैसे. हमीचा आकडा यादीच्या थोडा खालीच द्यावा आणि केटरर किती जास्तीची तयारी ठेवतो ते विचारावं. आपल्या ६३० च्या यादीला मी ५८० ची हमी देईन. लग्नाच्या दिवशी पंगत सुरू होण्याआधी दोन्हीकडच्या माणसांनी केटररच्या माणसासोबत ताटांच्या चवडी मोजून आकडा लिहून घ्यायचा, आणि शेवटी उरलेली कोरी ताटं मोजायची. धुवून परत आलेली ताटं त्याच चवडीत गेली तर मोजदाद बिघडते, त्यांची जागा वेगळी ठेवायला सांगा. बुफेत कोण कोणाकडचं जेवलं हे कळत नाही. म्हणून यादीपेक्षा जास्त ताटं लागली तर ती दोघांनी निम्मी भरायची, असं आधीच लिहून ठेवावं.

बाकीची कामं नावानिशी वाटा. "मुलाकडचे बघतील" असं लिहू नका, "मुलाचा मावसभाऊ" असं लिहा. भटजींकडून साहित्याची यादी आणणं, दागिन्यांच्या पेटीजवळ बसणं, आहेर लिहून घेणं, म्हाताऱ्यांच्या गाड्या, उरलेल्या अन्नाचं काय करायचं, हे सगळं त्यात आलं. विवाह नोंदणीचं काम बहुतेक वेळा कोणाच्याच वाट्याला येत नाही. लग्नाच्या दिवशीच भटजींची सही आणि तीन साक्षीदारांची कागदपत्रं घेऊन ठेवा, पत्रिकेच्या दोन प्रती जपा. नव्वद दिवसांच्या आत नोंदणी केली तर दंडाचा प्रश्न येत नाही. हे काम नवरा-नवरीनेच घ्यावं.

मानपानाला मात्र वेगळा वेळ द्या, आणि तो दोन्ही आयांनी एकत्र बसून द्यावा. कोणाला शाल, कोणाला साडी, कोणाला टॉवेल-टोपी, यांची नावं लिहा. यादीत नसलेल्याला ऐनवेळी काही द्यायचं नाही, हेही लिहा. साड्यांची किंमत दोन्हीकडे एकच धरा. कित्येक घरं आता मानपान फक्त दोन्ही आजी-आजोबा, मामा आणि आत्यांपुरता ठेवतात. त्याला कोणी नावं ठेवली, तर "हे आम्ही दोघींनी ठरवलंय" असं विहीणबाईंनी विहीणबाईंच्या बाजूने म्हणावं. या एका वाक्याने सगळ्या तक्रारी थांबतात.

लिहिणं आणि वाचणं

सगळं ठरलं की त्याच बैठकीत दोन प्रती लिहा: माणसांचा आकडा, तीन ढीग, कोण केव्हा भरणार, कामांची नावं, वाढीव खर्चाचा नियम. मग सुपारीच्या दिवशी वीस-पंचवीस माणसांसमोर हीच यादी वाचा. कोणी काका म्हणाले, "एवढंच? आमच्या वेळी..." तर मुलाच्या वडिलांनी उत्तर द्यायचं, मुलीच्या नाही. हे कोण बोलणार तेसुद्धा आधी ठरवून ठेवा.

बोलणी फिसकटली तर? मुलीकडच्यांनी सांगितलेली मर्यादा ऐकून समोरच्यांनी दुसऱ्या दिवशी मध्यस्थामार्फत जास्तीचं मागितलं, किंवा ठरलेलं लिहून द्यायला नकार दिला, तर तिथे थांबा. अजून सुपारी फुटलेली नाही, पत्रिका छापलेल्या नाहीत, कार्यालयाला पैसे गेलेले नाहीत. बैठक लवकर घ्यायची ती यासाठीसुद्धा.

लग्न पार पडलं, सत्यनारायण झाला की आठ दिवसांत त्याच सहा माणसांनी पुन्हा बसायचं. वही, पावत्या आणि लॉन्सकडून परत येणारी अनामत रक्कम समोर ठेवायची. अनामत ज्याने भरली त्याच्या खात्यावर येते, आणि निम्मी दुसऱ्या घरी पाठवायची राहून जाते. तुटलेल्या खुर्च्या किंवा जास्तीची वीज म्हणून कापलेली रक्कम निम्म्याच्या ढिगात टाका, एकमेकांचं येणं-देणं त्याच दिवशी फेडा आणि दोन्ही प्रतींवर "हिशेब पूर्ण" लिहून तारीख घाला.